कचरा वर्गीकरणाचा लघुपट : सोसायटीने शेवटपर्यंत पाहावा अशी संहिता कशी लिहावी

गृहनिर्माण सोसायट्यांत दाखवले जाणारे कचरा वर्गीकरणाचे लघुपट बहुधा एकाच साच्यातून निघालेले असतात. आरंभी फिरती पृथ्वी, मग कचऱ्याचा डोंगर, त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी, पुढे हिरवा आणि निळा डबा, आणि अखेरीस लहान मुलांच्या तोंडी एक संकल्प. यांत चुकीचे काही नसते, परंतु पाहणाऱ्याला नवेही काही नसते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन गट ठरवून दिले, त्याला बरीच वर्षे लोटली. पणजीत तर काही संकुलांनी सोळा प्रकारांपर्यंत वर्गीकरण करून पाहिले आहे. केळीची साल कोणत्या डब्यात जाते, हे गोव्यातील रहिवाशाला ठाऊक असते. ते पुन्हा सांगणारा पट विसाव्या सेकंदाला बंद होतो, यात रहिवाशाचा दोष नाही.

माहिती असूनही कचरा मिसळला जातो, तो एखाद्या ठरावीक क्षणी आणि एखाद्या ठरावीक अडचणीमुळे. तो क्षण आणि ती अडचण शोधणे हे संहितालेखकाचे पहिले काम होय. ते लेखनाच्या मेजावर होत नाही. त्यासाठी कचऱ्याच्या शेडमध्ये जावे लागते.

उदाहरणादाखल पर्वरीतील ४८ सदनिकांची एक सोसायटी कल्पून पाहू. लेखकाने कार्यकारी समितीची परवानगी घ्यावी, शेडमधील कामगाराला विश्वासात घ्यावे, आणि तीन दिवस सकाळी गाडी येण्यापूर्वी ओल्या कचऱ्याचे प्रत्येक बोचके प्लास्टिकच्या ताडपत्रीवर उघडून पाहावे. जाड हातमोजे आणि लांब चिमटा हवा, कारण फुटलेली काच आणि इंजेक्शनच्या सुया कोणत्याही बोचक्यात निघू शकतात. बोचके कोणत्या घरातले, याची नोंद मुळीच करू नये. ती केल्याचे कळले की पट तयार होण्यापूर्वीच सोसायटीत दोन तट पडतात.

दिवस कोणते निवडायचे, हेही गोव्यात महत्त्वाचे आहे. सोमवारी आणि गुरुवारी अनेक हिंदू घरांत मासळी शिजत नाही. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचा कचरा निराळा असतो. श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत तो आणखी बदलतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बाजारात मासळी कमी येते. या दिवसांतली पाहणी सोसायटीचे खरे चित्र दाखवणार नाही. तेव्हा वर्षातील साध्या दिवसांतले, बुधवार, शुक्रवार आणि रविवार यांच्या दुसऱ्या दिवशीचे, म्हणजे गुरुवार, शनिवार आणि सोमवारचे सकाळचे बोचके तपासावे.

आपल्या कल्पित सोसायटीत तीन सकाळी मिळून ११८ बोचकी तपासली गेली असे धरू. त्यांपैकी ६६ बोचकी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारलेली होती: गुरुवारी १९, शनिवारी २० आणि सोमवारी २७. या ६६ पैकी ५२ पिशव्यांत मासळीचा उरलासुरला भाग होता. बांगड्यांची डोकी, आतडी, सुंगटांची साले. याखेरीज २३ बोचक्यांत दुधाच्या पिशव्या आणि ७ बोचक्यांत वापरलेले सॅनिटरी पॅड सापडले. आता लेखकापुढे मोह उभा राहतो की पटात हे सगळेच सांगावे. तसे केले की पुन्हा यादी तयार होते, आणि यादी कोणी शेवटपर्यंत पाहत नाही. पटाने एकच गोष्ट उचलावी. येथे ती गोष्ट म्हणजे गाठ.

सॅनिटरी पॅडचा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने अधिक गंभीर नाही का, अशी शंका कोणी घेईल. तो गंभीर आहेच. पण सात बोचक्यांसाठी अठ्ठेचाळीस घरांसमोर पडदा लावण्यापेक्षा प्रत्येक घरात कागदी वेष्टने आणि चार ओळींचे पत्रक देणे अधिक उपयोगाचे ठरते. जे बहुसंख्य घरांत घडते, डोळ्यांना दिसते आणि करणाऱ्याला चूकच वाटत नाही, ते पटाला योग्य. मासळीच्या पिशवीला गाठ मारणारी व्यक्ती तर आपण शिस्तीनेच वागतो आहोत असे समजते. पिशवीत ओलेच आहे, ती ओल्याच्याच डब्यात टाकली आहे. मग बिघडले कुठे?

बिघडते ते पुढे. गाठ न सोडता पिशवी गेली तर आतला जिन्नस हवेविना कुजतो आणि दुर्गंधी वाढते. उत्तर गोव्यात साळगावचा प्रकल्प ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज तयार करतो. अशा यंत्रणेत पातळ प्लास्टिक सडत नाही. ते पंपांत आणि ढवळणाऱ्या दांड्यांभोवती गुंडाळले जाते. म्हणून कुठेतरी कोणाला तरी ती गाठ सोडावी किंवा फाडावी लागते. बहुतेक ठिकाणी ते काम शेडमधला माणूस करतो. नंतर माशाच्या रसाने माखलेली पिशवी सुक्या कचऱ्यात जाते आणि तिथल्या कोरड्या कागदाचीही नासाडी करते. एका गाठीमुळे दोन्ही डबे बिघडतात. एवढी माहिती पटाला पुरेशी आहे, आणि तीही निवेदनातून न सांगता दाखवता येते.

संहितेला लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे कारण. लोक गाठ का मारतात, हे पाच-सहा घरी जाऊन विचारावे. विचारण्याचा सूर मात्र चौकशीचा नसावा. उत्तर ‘वास येतो’ असे मिळेल अशी लेखकाची समजूत असते. तेही मिळते, पण बारकाईने ऐकले की बहुधा दुसरेच काही पुढे येते. पिशवीतला रस लिफ्टमध्ये गळतो, शेजारी बोलतात, म्हणून गाठ. तीही एक नव्हे, दोन. म्हणजे ज्या वर्तनाला लघुपट बेशिस्त ठरवू पाहतो, ते शेजाऱ्यांविषयीच्या संकोचातून आलेले असते. हे कळल्यावर संहितेचा सूरच बदलतो. उपदेश करणाऱ्या पटापेक्षा ‘रस गळू न देता, गाठ न मारता मासळीचा कचरा खाली कसा न्यावा’ याचे उत्तर देणारा पट लोक पाहतात, कारण ती त्यांची स्वतःची अडचण असते.

उत्तर व्यवहारात टिकणारे हवे. फ्रीजरमध्ये डबा ठेवून सकाळी तो रिकामा करणे ही युक्ती काही घरांत चालते. परंतु ज्या फ्रीजमध्ये दूध आणि नैवेद्याचे जिन्नस असतात, तिथे मासळीची आतडी ठेवायला अनेक गृहिणी धजत नाहीत. पटात ही युक्ती एकमेव म्हणून दाखवली की अर्धी सोसायटी तिथेच हसून सोडून देते. त्यापेक्षा साधा मार्ग असा: मासळी साफ केल्यावर टाकाऊ भाग दहा मिनिटे चाळणीत निथळू द्यावा, जुन्या झाकणाच्या डब्यात वर्तमानपत्राची दोन पाने घालून त्यात तो ठेवावा, खाली नेऊन कागदासकट ओल्या कचऱ्याच्या पिंपात ओतावा आणि डबा परत आणावा. घरी छापील वर्तमानपत्र येत नसेल, जे आजकाल अशक्य नाही, तर नुसता डबा धुवून घ्यावा.

इथे समितीचा संबंध येतो. सकाळी कामावर निघालेला माणूस माशाचा डबा हातात घेऊन परत वर जाणार नाही. त्यामुळे शेडजवळ पाण्याचा नळ आणि रात्री वापरता येईल असे घट्ट झाकणाचे पिंप असल्याशिवाय पट दाखवूच नये. त्याचप्रमाणे कचऱ्याची गाडी ओला आणि सुका कचरा एकत्र ओतत नाही ना, हे लेखकाने स्वतः दोन-तीन सकाळी उभे राहून पाहावे. ती एकत्र ओतत असेल आणि गॅलरीतून लोकांना ते रोज दिसत असेल, तर उत्तम पटाचीही टर उडेल. अशा वेळी समितीने आधी पंचायतीशी किंवा पालिकेशी बोलणे भाग आहे, लेखकाने थांबावे.

आता संहिता. प्रेक्षक शेवटपर्यंत थांबतो तो त्याला काहीतरी जाणून घ्यायचे असते म्हणून. पहिल्या बारा सेकंदांत एक प्रश्न पडला पाहिजे आणि त्याचे उत्तर अखेरच्या दृश्याआधी मिळता कामा नये. सहज सुचणारा प्रश्न म्हणजे ‘ही गाठ कोणी मारली?’ तो टाळावा. त्याने चोर शोधण्याचा खेळ सुरू होतो आणि शाकाहारी घरे ‘हे आमच्यासाठी नाही’ म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी ‘आपल्या इमारतीत एका सकाळी अशा गाठी किती?’ हा प्रश्न घ्यावा. आकडा आपल्या इमारतीचा असतो, म्हणून प्रत्येक जण मनात अंदाज बांधतो, आणि अंदाज बांधलेला माणूस उत्तर ऐकल्याशिवाय उठत नाही. आरंभीचे दृश्य असे लिहिता येईल:

दृश्य १. कचऱ्याची शेड. सकाळचे पावणेसात. हातमोजे घातलेले दोन हात पिशवीची गाठ सोडू पाहतात. गाठ सुटत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा: १.
फिरायला निघालेल्या सचिव शेडपाशी थांबतात.
सचिव : रोज किती असतात हो अशा?
कामगार : तुम्हीच सांगा, मॅडम.
सचिव : असतील पाच-सहा.
कामगार काही बोलत नाही. दुसरी पिशवी उचलतो. आकडा: २.

येथे कामगार स्पष्टीकरण देत नाही, हे महत्त्वाचे. त्याने आपल्या कष्टांची कहाणी सांगितली असती तर प्रेक्षकाला वाईट वाटले असते आणि त्या वाईट वाटण्यातच विषय संपला असता. त्याला करुणेचा विषय करू नये. इमारतीविषयी इतर कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट ठाऊक असलेला माणूस म्हणून उभा करावा. खऱ्या कामगाराकडून हे काम करून घ्यायचे असेल तर त्याची संमती आणि त्या वेळेचा मोबदला, दोन्ही हवे. चेहरा दाखवायचा नसेल तर हातांवर भागते, आणि हात अनेकदा अधिक बोलतात.

दुसरे दृश्य आदल्या रात्रीचे. तिसऱ्या मजल्यावरचे स्वयंपाकघर. सून बांगडे साफ करते आहे, सासूबाई भाजी निवडत आहेत. सून पिशवीला गाठ मारते. मुलगा पिशवी उचलतो, तिच्यातून थेंब पडतो आणि तो आपणहून दुसरी गाठ मारतो. दोन गाठींचे कारण एका थेंबात सांगून झाले. लिफ्टमध्ये तो पिशवी अंगापासून दूर धरून उभा राहतो, शेजारी हसतो. इथे प्रेक्षक स्वतःला ओळखतो. या दृश्याला चाळीस सेकंद द्यावेत, घाई करू नये.

तिसऱ्या दृश्यात पुन्हा शेड आणि पुढे जाणारा आकडा: नऊ, चौदा, एकोणीस. एक गाठ सुरीने कापावी लागते. रस सुक्या कचऱ्यातील वहीच्या पानांवर सांडतो. निवेदन नाही. चौथ्या दृश्यात दुसऱ्या दिवशीचे स्वयंपाकघर, आणि इथे संवाद हवा, कारण आक्षेप आणि उत्तर दोन्ही मांडायचे आहेत.

सून : पिशवी नको म्हणतात, मग हे न्यायचं कशातून? लिफ्टभर गळेल.
सासू : निथळू दे आधी. तो श्रीखंडाचा रिकामा डबा आहे ना?
सून : आणि तो घेऊन ऑफिसला जाऊ?
सासू : खाली नळ बसवलाय आता. धुऊन गाडीत ठेव, संध्याकाळी आण.
सून : आई, गाडीत वास येईल.
सासू : मग मी नेते. पाय मोकळे होतील.

शेवटच्या वाक्याने आक्षेप पूर्ण मिटत नाही. तो मिटवल्याचा आवही आणू नये. वास येणार नाही असे पटाने आश्वासन दिले आणि तो आला, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी डबा वापरणार नाही. काम घरात कोणाच्या वाट्याला जाईल, हे मात्र इथे ठरते, आणि खऱ्या घरांतही ते असेच ठरते. ज्या घरांत कचरा घरकामाला येणारी बाई खाली नेते, तिथे डबा तिच्या हाती पडणार. म्हणून एका दृश्यात तीही डबा धुताना दिसावी. तिला मराठी किंवा कोकणी येत असेलच असे नाही, आणि म्हणूनच पटातील महत्त्वाचे सर्व काही कृतीतून कळले पाहिजे.

पाचव्या दृश्यात सचिव पुन्हा शेडपाशी येतात. आकडा थांबतो: २७. त्या तो पाहतात, आपले ‘पाच-सहा’ आठवून ओशाळतात. कामगार भिंतीवरील फळ्यावर खडूने २७ लिहितो आणि शेजारी उद्याच्या तारखेपुढे जागा मोकळी ठेवतो. पट इथे संपतो. त्यानंतर समितीच्या सदस्यांची नावे, आभार आणि पृथ्वी वाचवण्याचे आवाहन जोडू नये. फळा मात्र शेडमध्ये खरोखर लावावा.

असा पट दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा होतो. संवादांचे मोजमापही ठेवावे: संथ बोलण्यात मिनिटाला सुमारे १०० ते १२० मराठी शब्द बसतात, म्हणजे अखंड बोलत राहिल्यास या अवधीत तीनशेच्या आसपास शब्द. संहितेत त्यांच्या तिसऱ्या भागापेक्षा अधिक शब्द भरले तर पट भाषणाकडे झुकू लागतो. शिवाय हा पट बहुतेक जण व्हॉट्सअॅपच्या गटावर, आवाज बंद ठेवून पाहणार. लिहून झालेल्या संहितेतले सगळे संवाद झाकून फक्त कृती वाचाव्यात. गोष्ट कळली तर ती उभी आहे. पडद्यावरची अक्षरपट्टी सहा-सात शब्दांची असावी आणि सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ थांबावी, म्हणजे आजी-आजोबाही मागे राहत नाहीत.

चाचणी चित्रीकरणापूर्वी घेता येते. संहिता मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, दृश्यांच्या जागी साध्या छायाचित्रांची माळ लावावी, आणि सोसायटीतील चार-पाच जणांना दाखवावी. लेखकाने पडद्याकडे नव्हे, प्रेक्षकांकडे तोंड करून बसावे आणि पहिली नजर कोणत्या सेकंदाला हलली ते टिपावे. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला सगळे ‘छान’ म्हणतात. त्यातून काही हाती लागत नाही. ‘सचिव किती म्हणाल्या होत्या आणि निघाल्या किती?’ असे विचारावे. दोन्ही आकडे सांगणाऱ्याने पट पाहिला आहे. अनेकांची नजर एकाच जागी ढळली तर ते दृश्य लहान करावे. बहुधा ती जागा कोणीतरी कोणाला तरी समजावून सांगत असल्याची असते.

तिसऱ्या दृश्यात सगळे गुंतलेले असताना लेखकाला आणखी काही आत सरकवावेसे वाटते. तिसऱ्यांची कवचे हे गोव्यातील ठळक उदाहरण. ती माशाच्या पिशवीतच असतात, पण बायोगॅसच्या यंत्रणेत कुजत नाहीत. मुद्दा खरा आहे, तरीही तो पटात नको. आकड्यावर खिळलेली नजर तिथे निसटते. ती सूचना पिंपाच्या झाकणावर चिकटवावी, जिथे कवचे हातात असलेला माणूस ती वाचेल.

पट दाखवण्याची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि तीही आरंभी. पार्किंगचा विषय निघाल्यानंतर कोणतेही दृश्य कोणाला दिसत नाही. त्याच रात्री तो गटावर टाकावा. मग आठवड्याने आणि सहा आठवड्यांनी, पूर्वीच्याच वारी, त्याच पद्धतीने गाठी मोजाव्यात. आठवड्याने आकडा घसरला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा चढला, तर लोकांना पट पटला होता पण डबा नेण्याची सोय टिकली नाही. नळ, पिंप आणि त्यांची वेळ तपासावी. पहिल्या आठवड्यातही आकडा हलला नाही, तर दोष संहितेत शोधावा. आणि सोमवारच्या २७ जागी ८ आले, तर तो पट पुन्हा दाखवू नये. २७ हा आकडा आता खोटा झालेला असतो, आणि नव्या भाडेकरूंसाठी शेवटच्या दृश्यातला फळा तेवढा नव्याने चित्रित करावा लागतो.